ट्रान्सपोजची आयगेनमूल्ये: मोठे मॅट्रिक्स न मांडता

दोन ओळी आणि दोन स्तंभ असलेल्या मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज घेणे म्हणजे त्याच्या आडव्या ओळी उभ्या लिहिणे. कर्णावरच्या दोन संख्या जागच्या जागी राहतात आणि उरलेल्या दोन एकमेकींची जागा घेतात.

```
A =  2  7        Aᵀ =  2  1
     1  5              7  5
```

ही क्रिया T या अक्षराने दाखवली, तर T(A) = Aᵀ. दोन मॅट्रिक्सची बेरीज करून ट्रान्सपोज घेतला काय किंवा आधी ट्रान्सपोज घेऊन बेरीज केली काय, उत्तर एकच येते. संख्येने गुणण्याच्या बाबतीतही तसेच घडते. म्हणून T हे रेषीय रूपांतर आहे आणि त्याची आयगेनमूल्ये काढता येतात. इथे ज्यांच्यावर क्रिया होते ते सदिश म्हणजे स्वतः मॅट्रिक्सच आहेत. प्रत्येकात चार संख्या स्वतंत्रपणे निवडता येत असल्याने या अवकाशाची मिती 4 आहे.

नेहमीच्या रीतीने गेल्यास T साठी 4 ओळी आणि 4 स्तंभांचे मॅट्रिक्स मांडावे लागते आणि त्याचा निश्चयक सोडवावा लागतो. T चा एक साधा गुण लक्षात घेतला, तर ही मांडणी टळते: दोनदा ट्रान्सपोज घेतला की मूळ मॅट्रिक्स परत मिळते.

λ हे T चे आयगेनमूल्य आहे, याचा अर्थ शून्य नसलेले असे एखादे A सापडते, की T(A) = λA. दोन्ही बाजूंवर पुन्हा T लावावे. डावीकडे A परत येते, उजवीकडे λ²A मिळते. म्हणजे A = λ²A. A शून्य नसल्यामुळे λ² = 1, म्हणून λ ची किंमत 1 किंवा -1 यांखेरीज दुसरी असू शकत नाही.

नेमके इथेच अनेकांचे काम अर्धवट राहते. वरच्या युक्तिवादाने फक्त उमेदवार ठरतात. ते दोघेही खरोखर आयगेनमूल्ये आहेत, हे सिद्ध होत नाही. काहीही न बदलणारे रूपांतरही दोनदा लावले की मूळ वस्तूच देते, पण -1 हे त्याचे आयगेनमूल्य नसते. म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी प्रत्यक्ष मॅट्रिक्स दाखवावे लागते.

λ = 1 साठी अट होते Aᵀ = A. कर्णाबाहेरच्या दोन संख्या समान असल्या की ही अट पुरी होते. अशा मॅट्रिक्सना सममित म्हणतात. त्यांत कर्णावरच्या दोन आणि बाहेरची एक अशा 3 संख्या मोकळेपणाने निवडता येतात, म्हणून या आयगेन-अवकाशाची मिती 3.

λ = -1 साठी अट होते Aᵀ = -A. कर्णावरची प्रत्येक संख्या स्वतःच्या ऋण संख्येइतकी हवी, म्हणून ती शून्यच असते. बाहेरच्या दोन संख्या मात्र एकमेकींच्या विरुद्ध चिन्हांच्या असतात. म्हणजे निवडायला एकच संख्या उरते आणि मिती 1 होते.

3 आणि 1 मिळून 4 होतात, म्हणजे संपूर्ण अवकाश व्यापला गेला. याचाच अर्थ असा, की कोणतेही A या दोन प्रकारांच्या बेरजेत एकाच रीतीने फोडता येते. सममित भाग (A + Aᵀ)/2 आणि दुसरा भाग (A - Aᵀ)/2. वरच्या उदाहरणात हे भाग असे येतात:

```
2  7     2  4      0  3
1  5  =  4  5  +  -3  0
```

ट्रान्सपोज घेतल्यावर पहिला भाग तसाच राहतो, दुसऱ्याचे फक्त चिन्ह बदलते. पहिल्यातून दुसरा वजा केला, की 2, 1 आणि 7, 5 या ओळी मिळतात, हाच Aᵀ.

उत्तराची पडताळणीही सोपी आहे. आयगेनमूल्ये 1, 1, 1, -1. त्यांची बेरीज 2. ही बेरीज T च्या ट्रेसइतकी असायला हवी. T फक्त जागांची अदलाबदल करते, त्यामुळे तिचा ट्रेस म्हणजे न हललेल्या जागांची संख्या. कर्णावरच्या अशा जागा दोनच आहेत, म्हणून हिशेब जुळतो. आयगेनमूल्यांचा गुणाकार -1 आहे, म्हणून T चा निश्चयकही -1.

A ची स्वतःची आयगेनमूल्ये आणि T ची आयगेनमूल्ये यांची गल्लत मात्र होऊ देऊ नये. A ची आयगेनमूल्ये त्यातल्या संख्यांवर ठरतात. T ची आयगेनमूल्ये कोणत्याही एका A वर अवलंबून नसतात.

हीच रीत n ओळी आणि n स्तंभांनाही लागू पडते. तिथे 1 साठी मिती n(n+1)/2 आणि -1 साठी n(n-1)/2 येते. n = 10 असेल तर 100 ओळी व 100 स्तंभांचे मॅट्रिक्स न मांडता 55 आणि 45 ही उत्तरे मिळतात. वास्तव आणि संमिश्र संख्यांसाठी हे सारे खरे आहे. ज्या संख्याव्यवस्थेत 1 + 1 = 0 असते, तिथे मात्र 2 ने भागता येत नाही, 1 आणि -1 एकच ठरतात आणि ही फोड शक्य होत नाही.