सकाळचे तीन तास, सहा कुत्री

वाकड-हिंजवडीकडे नवरा-बायको दोघेही नोकरीला जाणारी घरं वाढली, तशी कुत्र्याला फिरवून आणणाऱ्याची गरजही वाढली. या धंद्याचं गणित अंतरावर ठरतं. समजा, एकाच सोसायटीत ६ कुत्री मिळाली. प्रत्येकी अर्धा तास धरला, तर सकाळी ६ ते ९ मध्ये काम उरकतं. महिना २,५०० रुपये घेतले, तर १५,००० होतात. तीच कुत्री सहा सोसायट्यांत विखुरली, की बराच वेळ स्कूटरवरच जातो.

काम घेण्याआधी रेबीजच्या लशीचं कार्ड पाहावं. दोन अनोळखी कुत्री एकत्र नेऊ नयेत, लिफ्टमध्येच जुंपते. उन्हाळ्यात डांबरावर तळहाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवून बघावी. चटका सोसवला नाही, तर कुत्र्याचे पंजेही भाजणार.