आधी वजा, मग निर्णय : चार बिटांचा भागाकार

पाटीवर भागाकार करताना 'भाग जात नाही' हे डोळ्यांना आधीच दिसते. सर्किटला ते दिसत नाही. भाजक वजा करून पाहणे आणि उत्तर ऋण आले तर केलेली वजाबाकी मागे घेणे, हाच त्याच्यापुढचा सोपा मार्ग असतो. मागे घेण्याच्या या पायरीवरून पद्धतीला 'रिस्टोअरिंग' भागाकार हे नाव मिळाले.

यात तीन रजिस्टरे लागतात. भाजक एकात स्थिर राहतो. दुसऱ्यात, म्हणजे Q मध्ये, आरंभी भाज्य असते. तिसरे A हे बाकीचे रजिस्टर, सुरुवातीला शून्य. A आणि Q जोडून एकत्रच डावीकडे सरकवतात, त्यामुळे Q चा सर्वांत डावा बिट A मध्ये उतरतो. पाटीवर पुढचा अंक खाली उतरवतात, तेच हे. सरकल्यामुळे Q च्या उजव्या टोकाला जागा मोकळी होते आणि तिथे भागाकाराचा बिट बसतो. भाज्य संपत जाते तसतसा भागाकार त्याच घरात राहायला येतो. वेगळे रजिस्टर वाचते.

11 ला 3 ने भागू. भाज्य 1011, भाजक 0011.

```
        A      Q     A-3
आरंभ   00000  1011
1      00001  0110   ऋण, A परत
2      00010  1100   ऋण, A परत
3      00010  1001   5-3=2
4      00010  0011   5-3=2
```

प्रत्येक ओळीत फेरीअखेरची स्थिती आहे. पहिल्या फेरीत सरकल्यावर A मध्ये 1 येतो. 1 मधून 3 गेल्यास 11110, म्हणजे -2. डावा बिट 1 असल्याने 3 पुन्हा मिळवून A पूर्ववत होतो आणि Q मध्ये 0 बसतो. तिसऱ्या फेरीत A मधल्या 2 ची दुप्पट होऊन त्यात उतरलेला 1 मिळतो, म्हणजे 5. त्यातून 3 वजा जातात, 2 उरतात, म्हणून Q मध्ये 1. चौथ्या फेरीतही तसेच. शेवटी Q मध्ये 3, A मध्ये बाकी 2.

संख्या चार बिटांच्या असताना A पाच बिटांचा का, हे पुष्कळदा नजरेतून सुटते. तो चारच बिटांचा ठेवून 11 ला 15 ने भागले, तर पहिल्याच फेरीत 1-15 चे उत्तर 0010 असे येते. डावा बिट 0, म्हणून सर्किट ते धन समजते आणि भागाकारात खोटा 1 पडतो. लहान भाजकांवर चाचणी घेतल्यास ही चूक दिसत नाही. भाजक 8 च्या वर गेला की ती उघडी पडू शकते. वजाबाकीतला हातउसना वेगळा बिट म्हणून जपला तरी चालते, कारण पाचव्या बिटाचे काम तोच करतो.

भाजक शून्य असेल तर वजाबाकी कधीच ऋण होत नाही. चारही फेऱ्यांत 1 बसून भागाकार 1111 येतो आणि A मध्ये भाज्य जसेच्या तसे उतरते. ही तपासणी फेऱ्यांच्या आधीच वेगळी करावी लागते.

प्रत्यक्षात ऋण उत्तर A मध्ये लिहून नंतर बेरीज करण्याची गरजही नसते. चिन्ह पाहून फरक A मध्ये लिहायचाच नाही, जुना A तसाच ठेवायचा, असे केले की बेरजेची पायरी वाचते आणि भाग जावो वा न जावो, प्रत्येक फेरीला सारखाच वेळ लागतो.