तीन कडवी, एकवीस टिपा

कसबा गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका काकूंनी रामदासस्वामींच्या गणपतीच्या आरतीचं इंग्रजी केलंय, असं कळलं म्हणून मी गेले. अमेरिकेतली नातवंडं आरती म्हणतात मराठीतच, रोमन अक्षरांत वाचून. अर्थ मात्र त्यांना शेजारच्या रकान्यात हवा होता. पहिल्या खर्ड्यात एकवीस टिपा होत्या. तीन कडवी आणि एकवीस टिपा! "टीप वाचायला मान खाली घातली की टाळी चुकते," काकू म्हणाल्या आणि त्यांनी लाल पेन घेतलं.

शेंदरापाशी त्या बराच वेळ थांबल्या. जावई लखनौचे, त्यांच्या लेखी सिंदूर म्हणजे सवाष्णीच्या भांगातला. इंग्रजी कोशातला नेहमीचा शब्दही तिकडेच नेतो. आपला शेंदूर तेलात कालवून गणपतीला, मारुतीला चढवायचा, रंगाने केशरी. शिवाय दुसऱ्या कडव्यात चंदनाबरोबर कुंकूही येतं, म्हणजे दोन्हींना एकच शब्द चालणार नाही. काकूंनी सरळ 'सर्वांगाला केशरी लेप' असं लिहिलं. टीप गेली, चित्र राहिलं. मुकुट, हिरे, घुंगरू यांच्या टिपाही गेल्या. ते सारं समोरच्या मूर्तीवर दिसतंच.

पोटाला बांधलेला नाग मात्र असा सुटेना. नुसता 'कमरपट्टा' लिहिलं तर नाग जातो, नुसता 'नाग' लिहिलं तर मुलं घाबरून विचारतात, कशाला? त्यामागे गोष्ट आहे: मोदक खाऊन गणपती उंदरावरून निघाला, साप आडवा आला, उंदीर बिचकला, देव पडला, पोट फुटून मोदक सांडले. मग त्याच सापाने पोट आवळलं. वर चंद्र हसला आणि शाप घेऊन बसला. इथे टीप राहिली, आणि राहायलाच हवी होती.

सर्वांत फसवी जागा शेवटी येते. 'निर्वाणी' या शब्दाला परदेशी वाचक थेट बुद्धाचं निर्वाण जोडतो. इथे अर्थ आहे 'अगदी शेवटच्या, निकराच्या क्षणी'. काकूंनी टीप न देता तोच अर्थ ओळीत घातला.

एका ठिकाणी आमचं जमलं नाही. कवी स्वतःला रामाचा दास म्हणवतो. गणपतीच्या आरतीत राम कुठून आला, असं मुलं विचारतील म्हणून काकू ते गाळायला निघाल्या होत्या. माझ्या मते ती कवीची सही आहे. दागिन्यांचं वर्णन थोडं आटोपलं तर चालेल, सही खोडता येत नाही. काकूंनी ती ठेवली, खाली टीप देऊन.

एकविसांतल्या दोनच टिपा उरल्या, नागाची आणि सहीची. असं पत्रक कुणी करत असेल तर माझी एक विनंती आहे: टिपा खाली बारीक अक्षरांत छापू नका. निरांजन लावण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाने त्या गोष्टी तोंडाने सांगाव्यात.