यकृताला सिस्टीन पुरवणारे औषध

धाराशिव हा शेतीचा जिल्हा. इथल्या दवाखान्यात विषबाधेचा रुग्ण म्हटला की आधी कीटकनाशक आठवते. ऑर्गॅनोफॉस्फेट पोटात गेले की घाम, तोंडाला फेस, बारीक झालेल्या बाहुल्या असे सगळे थोड्या वेळात दिसू लागते आणि ॲट्रोपिन सुरू होते. तापाची पॅरासिटामॉलची गोळी मात्र जास्त झाली तर पहिल्या दिवशी फार तर मळमळते, कधी तेवढेही होत नाही. घरचे म्हणतात, काही झाले नाही, झोपू द्या. औषधाचा पुरेपूर उपयोग होण्याची वेळ नेमकी हीच असते.

नेहमीच्या मात्रेतले बहुतेक पॅरासिटामॉल यकृत ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट जोडून लघवीवाटे काढून टाकते. थोडा भाग सायटोक्रोम एन्झाइममुळे एनएपीक्यूआय नावाच्या विषारी पदार्थात बदलतो. पेशीतले ग्लुटाथायोन त्याला लगेच चिकटते आणि निकामी करते. मात्रा फार वाढली की नेहमीच्या वाटा अपुऱ्या पडतात, एनएपीक्यूआय वाढते आणि ग्लुटाथायोन खर्च होत जाते. साठा नेहमीच्या साधारण ३० टक्क्यांखाली आला की मोकळे एनएपीक्यूआय पेशीतल्या प्रथिनांना चिकटते, मायटोकाँड्रिया बंद पडतात आणि पेशी मरू लागतात.

मग ग्लुटाथायोनच का देत नाहीत? कारण ते रक्तातून यकृताच्या पेशीत जसेच्या तसे नीट शिरत नाही. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन जोडून पेशी ते स्वतः तयार करते आणि या तिघांत तुटवडा पडतो तो सिस्टीनचा. एन-ॲसिटिलसिस्टीन म्हणजे ॲसिटिल गट जोडलेले सिस्टीन. शरीरात तो गट सुटतो, सिस्टीन मोकळे होते आणि ग्लुटाथायोनची घडण पुन्हा सुरू होते.

ग्लुटाथायोनची ही भूमिका १९७३ मध्ये अमेरिकेत मिचेल, जोलो आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवली. एडिंबरोच्या लॉरी प्रेस्कॉट यांनी आधी सिस्टिॲमिन वापरून पाहिले. त्याने यकृत वाचत होते, पण रुग्णाला उलट्यांचा फार त्रास होई. मग त्यांनी छातीतला कफ पातळ करण्यासाठी वापरात असलेले एन-ॲसिटिलसिस्टीन शिरेतून दिले आणि १९७९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषबाधेनंतर आठ तासांच्या आत औषध सुरू झालेल्यांचे यकृत जवळजवळ पूर्ण वाचत होते. त्यानंतर मात्र दर तासाला संरक्षण घटत होते.

एक उदाहरण घेऊ. लोहारा तालुक्यातल्या ५० किलो वजनाच्या तरुणीने रात्री आठला जास्त गोळ्या घेतल्या आणि अकराला बहिणीला सांगितले. तिला लगेच आणले, तर रक्तातले पॅरासिटामॉल मोजायला बारा वाजेपर्यंत थांबावे लागते, कारण चार तासांआधीचा आकडा फसवा असतो. बारानंतरचा आकडा रुमॅक-मॅथ्यू आलेखावर ठेवून उपचाराचा निर्णय होतो. ही तपासणी जिथे होत नाही किंवा पहाटे चारच्या आत अहवाल मिळणार नाही, तिथे घेतलेली मात्रा धोक्याची वाटली की अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात. डेक्स्ट्रोजच्या सलाइनमधून पहिल्या तासात किलोमागे १५० मिलिग्रॅम, पुढच्या चार तासांत ५० आणि नंतरच्या सोळा तासांत १००. तिच्यासाठी साडेसात, अडीच आणि पाच ग्रॅम, म्हणजे एकवीस तासांत पंधरा ग्रॅम.

पहिल्याच जोरदार मात्रेत काहींना अंगावर लाली, खाज किंवा दम येतो. ही खरी ॲलर्जी नसते. सलाइन थांबवून ॲलर्जीविरोधी औषध देतात आणि नंतर ते सावकाश पुन्हा लावतात; भीतीपोटी ते कायमचे बंद करणे ही मोठी चूक. शेवटी एएलटी आणि आयएनआर तपासतात. ते वाढलेले असतील तर औषध पुढे चालू राहते.

आलेख चालतो तो एकाच वेळी घेतलेल्या मात्रेला. डेंग्यूच्या तापात कुणी तीन दिवस तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी घेतो. तिन्हींत पॅरासिटामॉल असते. बाळाला सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले जातात, आणि ड्रॉप्स सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असतात. अशा वेळी आलेखाचा आधार नसतो. एएलटी आणि रक्तातला अंश पाहूनच ठरवावे लागते.

उशीर झाला तरी औषध सोडून देत नाहीत. यकृत निकामी होऊ लागलेल्या रुग्णांतही ते दिल्याने जगण्याचे प्रमाण वाढल्याचे लंडनमध्ये १९९१ मध्ये दिसले. मात्र मेलेल्या पेशी ते परत आणत नाही. कावीळ, भ्रम आणि वाढता आयएनआर दिसला की यकृत प्रत्यारोपण होणाऱ्या मोठ्या रुग्णालयाशी तातडीने बोलावे लागते.

म्हणून घरच्यांनी रुग्ण बरा दिसतो म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. १०८ ला फोन करावा, रिकाम्या पट्ट्या सोबत न्याव्यात, गोळ्या घेतल्याची वेळ आणि रुग्णाचे वजन सांगावे. गोळ्या मनस्तापातून घेतल्या असतील तर तेही न लपवता सांगावे. दोष देण्याची ही वेळ नव्हे. मनात जीव नकोसा झाल्याचे विचार असतील त्यांच्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.