काका दुकानातून निवृत्त होतात तेव्हा

एका हार्डवेअरच्या दुकानात तीन भागीदार आहेत असे धरू. काकांचा नफ्यातला वाटा 5/10, पुतण्याचा 3/10 आणि जावयाचा 2/10. 31 मार्चला काका निवृत्त होतात. पुढे दुकान चालवणारे दोघे ठरवतात, की यापुढे नफा निम्मा-निम्मा. काकांना किती द्यायचे, ते कुणी भरायचे आणि रोकड कमी पडली तर काय करायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने शोधावी लागतात.

काकांच्या भांडवल खात्यात 5,00,000 रुपये आहेत. राखीव निधी 2,00,000 रुपयांचा आहे. तो तिघे भागीदार असतानाच साठला, म्हणून जुन्याच प्रमाणात वाटला जातो आणि त्यातले 1,00,000 काकांचे होतात. मालमत्तेची किंमत नव्याने ठरवताना जागेचे मोल 1,50,000 ने वाढले, पण पडून असलेल्या मालात 20,000 आणि बुडण्याच्या बेतातल्या उधारीत 30,000 कमी करावे लागले. निव्वळ वाढ 1,00,000 झाली. तीही जुन्या प्रमाणात वाटायची, म्हणजे काकांना 50,000 मिळाले.

उरते गुडविल, म्हणजे ख्याती. गिऱ्हाईक सवयीने याच दुकानात येते, त्याची ही किंमत. करारात सरासरी नफ्याच्या दुप्पट किंमत धरायची असे लिहिले आहे. सरासरी नफा 3,00,000, म्हणून ख्याती 6,00,000 आणि तिच्यात काकांचा वाटा 3,00,000.

हे 3,00,000 दुकान देत नाही. काकांचा वाटा ज्यांच्याकडे गेला, ते दोघे देतात. कुणाकडे किती गेला, हे सांगणारे लाभाचे प्रमाण काढण्याची रीत सोपी आहे: नव्या वाट्यातून जुना वाटा वजा करायचा. पुतण्याचा नवा वाटा 5/10, जुना 3/10, म्हणून लाभ 2/10. जावयाचा नवा वाटा 5/10, जुना 2/10, म्हणून लाभ 3/10. लाभाचे प्रमाण 2:3. पुतण्याने 1,20,000 आणि जावयाने 1,80,000 रुपये सोसायचे. या रकमा त्यांच्या भांडवल खात्यांतून वजा होतात आणि काकांच्या खात्यात जमा होतात.

नेमकी चूक इथेच होते. दोघांचे जुने प्रमाण 3:2 होते, म्हणून ख्यातीही त्याच प्रमाणात टाकली जाते. नवे प्रमाण ठरवलेलेच नसेल, तर जुने 3:2 पुढे चालते आणि लाभाचे प्रमाणही तेच येते. पण इथे वाटे बदलले आहेत. 3:2 धरले, तर पुतण्यावर 60,000 रुपयांचा जादा भार पडेल, तोही ज्याला कमी वाटा मिळाला त्याच्यावर. पडताळा सोपा आहे: दोघांच्या लाभांची बेरीज काकांच्या वाट्याइतकी आली पाहिजे. 2/10 आणि 3/10 मिळून 5/10, म्हणजे हिशेब जुळला. वजाबाकीचे उत्तर उणे आले, तर त्या भागीदाराचाही वाटा घटला आहे, आणि ख्यातीचा मोबदला त्यालाही मिळायला हवा.

काकांनी वर्षभरात 50,000 रुपयांची उचल घेतली होती. ती वजा जाता त्यांचे येणे 9,00,000 रुपये. एवढी रोकड काढली, तर माल भरायला पैसा उरणार नाही. म्हणून 3,00,000 लगेच द्यायचे आणि 6,00,000 काकांच्या कर्ज खात्यात वळवायचे, असे ठरते. ताळेबंदात ही रक्कम आता भांडवल नव्हे, देणे म्हणून दिसते. तोटा झाला तरी ठरलेले व्याज द्यावेच लागते.

व्याज 10 टक्के आणि दरवर्षी मुद्दलापैकी 2,00,000 परत करायचे ठरले, तर पहिल्या वर्षअखेर 60,000 व्याजासह 2,60,000, दुसऱ्या वर्षी 2,40,000 आणि तिसऱ्या वर्षी 2,20,000 द्यावे लागतील. करारात नुसते ‘तीन समान हप्ते’ लिहिले, तर वाद ठरलेला. व्याजासह समान हप्ता धरला, तर दरवर्षी सुमारे 2,41,269 रुपये भरावे लागतील. त्यामुळे समान काय, मुद्दल की पूर्ण हप्ता, हे स्पष्ट लिहावे.

काहीच ठरले नाही आणि अंतिम हिशेब न करता दुकान चालू राहिले, तर 1932 च्या भागीदारी कायद्याचे कलम 37 लागू होते. काकांच्या वाट्याची मालमत्ता वापरून मिळालेला नफा मागायचा, की वाट्याच्या रकमेवर सालिना 6 टक्के व्याज, ही निवड काकांची असते. पुतण्या आणि जावयाला ती नको असेल, तर नवे प्रमाण, ख्यातीची रीत, व्याजाचा दर आणि हप्त्यांच्या तारखा निवृत्तीच्या करारातच लिहून सह्या घ्याव्यात.