शेफ, ट्रायल शनिवारी रात्री घ्या

‘मी मेहनती आहे, मला कुकिंगची पॅशन आहे, टीममध्ये काम करायला आवडतं आणि प्रेशर हँडल करता येतं.’ हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर हे वाक्य तुमच्याही लॅपटॉपमध्ये कुठेतरी पडलेलं असेल. त्यात खोटं काहीच नाही. अडचण एवढीच, की यातली एकही गोष्ट समोरच्या शेफला तपासून बघता येत नाही.

त्याला जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच. या मुलाला मेन्यूचा हिशेब कळतो का? किचन स्वच्छ ठेवतो म्हणजे नेमकं काय करतो? आणि शनिवारी रात्री सगळी टेबलं एकदम भरली की याचं सेक्शन चालतं की बसतं? कव्हर लेटरच्या एका पानात या तिन्हींची उत्तरं देता येतात. चला, लिहूनच बघू.

समजा, एक जण मुंबई-आग्रा हायवेवरच्या साठ सीटच्या रेस्टॉरंटमध्ये तीन वर्षं इंडियन सेक्शनला आहे. आता त्याला नाशिकच्या एका मोठ्या हॉटेलात शेफ दी पार्टी, म्हणजे सेक्शन इनचार्ज, व्हायचंय. माणूस आणि त्याचे आकडे मी हिशेबासाठी धरलेत, पद्धती मात्र खऱ्या किचनमधल्या आहेत. मेल बहुतेक वेळा इंग्रजीत जाईल, पण आधी मराठीत लिहा. इंग्रजीत ‘पॅशनेट’ लिहून सुटता येतं. मराठीत ‘मला पाककलेचा ध्यास आहे’ असं लिहिताना आपलंच आपल्याला हसू येतं आणि पेन कामाच्या गोष्टीकडे वळतं.

सुरुवात मेन्यूपासून. ‘मेन्यू प्लॅनिंगचा अनुभव आहे’ याऐवजी आपला उमेदवार लिहितो:

‘आदरणीय शेफ, सप्टेंबरच्या आसपास कांदा महागला की आमच्या सेक्शनचा खर्च वाढायचा. मी आठवडाभर कांदा मोजला. दिवसाला २७ किलो लागत होता. १८ किलो ग्रेव्हीत, आणि ९ किलो टेबलावर फुकट जाणाऱ्या कांदा-लिंबात. मेन्यूत थोडे बदल करून तो १६ किलोवर आणला.’

नाशिकमध्ये राहून हे वाक्य कुणाला समजावून सांगायला नको. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलच्या सुमारास निघतो, चाळीत साठवला जातो आणि पावसाळा संपेपर्यंत पुरवला जातो. खरिपाचा नवा लाल कांदा यायच्या आधीच्या मधल्या आठवड्यांत लासलगावचा भाव चढतो, असं अनेक वर्षी होतं. पण किचनमध्ये याचा अर्थ काय, ते जरा मांडून बघू.

एका प्लेट ग्रेव्हीत १५० ग्रॅम कांदा धरा. २० रुपये किलोने तो ३ रुपयांचा, ६० रुपये किलोने ९ रुपयांचा. डिशची किंमत २८० आणि मालाचा खर्च ८४ रुपये असेल, तर फूड कॉस्ट बरोबर ३० टक्के होते. कांदा तिप्पट महाग झाल्यावर खर्च ९० रुपये, म्हणजे ३२ टक्क्यांच्या थोडं वर. प्लेटमागे फक्त सहा रुपये, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण दिवसाला अशा १२० प्लेट्स गेल्या, की ७२० रुपये. वर कांदा-लिंबाच्या प्लेट्स. त्या बिलात येतच नाहीत, त्यामुळे त्यांचा हिशेबही कुणी ठेवत नाही. साठ टेबलांना १५० ग्रॅमप्रमाणे ९ किलो, म्हणजे आणखी ३६० रुपये. एकूण रोजचे १,०८० रुपये जास्तीचे.

आता उपाय. पहिला मोह होतो तो मखनी ग्रेव्हीचा, कारण तिच्यात कांदा कमी. पण तिच्यात काजू पडतो. काजू ८०० रुपये किलो धरला, तरी प्लेटला १५ ग्रॅमचे १२ रुपये झाले. कांद्याचे ९ वाचवायला गेलो आणि काजूचे १२ घालून बसलो! म्हणून आपल्या उमेदवाराने मखनी पुढे केली नाही. पालक, दही आणि डाळीवरच्या डिशेस मेन्यूत वर आणल्या, कॅप्टनला त्या सुचवायला सांगितल्या, आणि कांदा-लिंबाची प्लेट मागितली तरच द्यायची ठेवली. कांदा ग्रेव्हीच्या प्लेट्स १२० वरून ८० वर आल्या, म्हणजे १२ किलो. फुकटचा कांदा ४ किलोवर आला.

याला नाशिकचा आणखी एक पदर आहे. श्रावणात त्र्यंबकेश्वरला जाणारी गर्दी, मग नवरात्र, या काळात कांदा-लसूण नको म्हणणारी टेबलं वाढतात. कांद्याशिवाय उभी राहणारी चार-पाच डिशेस तयार असतील, तर महाग कांदा आणि उपासाचं गिऱ्हाईक दोन्ही एकाच मेन्यूत सांभाळले जातात. २०२७च्या सिंहस्थाची तयारी करणाऱ्या हॉटेलवाल्यांना हे वाक्य पत्रात दिसलं तर ते नक्की दोनदा वाचतील, असं मला वाटतं.

आता हायजिन. इथे ‘मी स्वच्छतेबाबत दक्ष असतो’ लिहिलं तर ते वाया गेलं. बेसिन धुणं, टोपी घालणं, व्हेज-नॉनव्हेजचे बोर्ड वेगळे ठेवणं हे गृहीतच असतं. त्यापेक्षा एकच अवघड काम घ्या आणि ते कसं करता ते सांगा.

‘दुपारची सर्व्हिस संपल्यावर उरलेली ग्रेव्ही मी पातेल्यात ठेवत नाही. दोन इंच खोलीच्या ट्रेमध्ये पसरतो, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवतो, दोन तासांत ती ६० अंशांवरून २१ अंशांवर आणतो, मग फ्रिजमध्ये ५ अंशांच्या खाली नेतो. प्रोब थर्मामीटरचं रीडिंग ज्याने घेतलं तोच त्या वेळी रजिस्टरमध्ये लिहितो.’

हेच का निवडायचं? वीस लिटरचं ग्रेव्हीचं पातेलं ओट्याखाली ‘गार व्हायला’ ठेवलेलं तुम्ही इंटर्नशिपमध्ये पाहिलं असेल. वरून हात लावला तर कोमट लागतं, पण दाट ग्रेव्हीचा मधला भाग कितीतरी तास गरम राहतो. ५ ते ६० अंशांमधला काळ जंतूंच्या वाढीचा. काही जंतूंचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत आणि अन्न सावकाश गार होताना पुन्हा जागे होतात. ‘संध्याकाळी परत उकळू की’ हे उत्तर पुरेसं नाही. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियसचं एक विष पुन्हा गरम करूनही टिकतं. आणि गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं, तर शेजारचं दही-पनीरही तापतं. म्हणून आधी उथळ ट्रे, मग बर्फ, मग फ्रिज.

रजिस्टरबद्दल एक सांगतो. प्रत्येक रकान्यात ४ अंश, एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिलेलं रजिस्टर शेफला दाखवलं, तर ते शिफ्ट संपताना एका बैठकीत भरलंय हे त्याला पान उलटायच्या आत कळतं. गर्दीच्या वेळी फ्रिजचं दार सतत उघडतं, त्यामुळे खरं रीडिंग कधी ३, कधी ६, कधी ७ असतं. ७ दिसल्यावर तुम्ही काय केलंत, ते बाजूला लिहिलेलं असणं हीच त्या रजिस्टरची किंमत. मुलाखतीला जाताना जुन्या हॉटेलचं रजिस्टर मात्र नेऊ नका, ते त्यांचं आहे. स्वतःचं ‘फॉस्टॅक’ ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि मेडिकल फिटनेस जोडा, तेवढं पुरे.

राहिली गर्दीची लाइन. इथे सगळे ‘मी फास्ट आहे’ असं लिहितात. पण लाइन बसते ती बहुतेक वेळा हात सावकाश चालल्यामुळे नाही, तर कापलेलं, भिजवलेलं, मळलेलं काहीतरी संपल्यामुळे. आणि दुसरं कारण, चुकीच्या क्रमाने गॅसवर टाकल्यामुळे.

आठ चाळीसला एक केओटी आली असं धरा. तंदुरी चिकन, पनीर मसाला, दाल तडका, चार बटर नान. तयारी आधीच असेल, तर चिकनला १५ मिनिटं, पनीरला ६, डाळीला ४, नानला ३ लागतात. नवखा कुक जे सोपं ते आधी करतो. डाळ, नान पासवर येऊन गार होतात आणि चिकनची वाट बघत बसतात. अनुभवी माणूस शेवटापासून मोजतो. सगळं आठ पंचावन्नला जायचंय, म्हणून चिकन लगेच, पनीर ८.४९ला, डाळ ८.५१ला, नान ८.५२ला. एका टेबलाला हे सोपं आहे. अशा दहा केओटी एकदम लागल्या, की प्रत्येकीचं घड्याळ वेगळं चालतं, तेव्हा पासवरच्या माणसाने एकूण आकडा पुकारत राहावा लागतो: ‘पनीर मसाला पाच, दाल सात, नान बावीस!’ मग पाच पनीर एकेक न करता दोन कढयांत होतात.

आपला उमेदवार लिहितो:

‘शनिवारी रात्री साडेआठ ते साडेदहा आमच्याकडे साधारण १२० कव्हर होतात. माझ्या सेक्शनला आम्ही तिघे असतो. एका शनिवारी सव्वानऊला कापलेलं पनीर संपलं. कॅप्टनला पंधरा मिनिटं पनीरच्या ऑर्डर थांबवायला सांगितलं, एकाला फक्त कापायला बसवलं, त्याचा पॅन मी घेतला. तेव्हापासून शनिवारी दुपारी चारला आम्ही तयारी मोजतो, आणि पनीर ६ऐवजी ९ किलो कापून ठेवतो.’

यात ‘आम्ही तिघे’ फार महत्त्वाचं. १२० कव्हर ‘मी एकट्याने’ काढले असं लिहाल, तर शेफ हसेल. किचनची ही वाटणी मुळात एस्कॉफिए या फ्रेंच शेफने पक्की केली ती एकाने सगळं करू नये म्हणूनच. ‘शेफ दी पार्टी’ हा शब्दही त्याच वाटणीतला.

आणि लिहाल ते प्रत्येक वाक्य विचारलं जाणार, हे धरून चाला. ‘कांदा १६ किलोवर आणला, मग गिऱ्हाईक कुरकुरलं का?’ ‘बर्फ संपला तर?’ ‘९ किलो पनीर उरलं तर रविवारी काय करता?’ उत्तर नसेल ते वाक्य पाठवायच्या आधीच काढा. पत्र अर्ध्या पानाचं झालं तरी चालेल. पगाराची अपेक्षा पत्रात नको, विचारतील तेव्हा सांगा. नोटिस पिरियड मात्र लिहा, कारण सीझन तोंडावर असताना शेफ आधी तेच बघतो.

शेवटचा परिच्छेद असा:

‘माझा नोटिस पिरियड तीस दिवसांचा आहे. ट्रायल द्यायला मी तयार आहे. आपल्याला चालणार असेल तर ती दुपारच्या निवांत वेळेत न घेता शनिवारच्या डिनरला घ्यावी, ही विनंती. त्या दिवशी मी इथे सुट्टी मागून येईन. माझी सुरी मी घेऊन येतो.’