माणूस गेला, मग फोन वाजला

व्हिडिओ डोअरबेल बसवलेल्या घरांमधून एक तक्रार हमखास ऐकू येते. गॅसवाला बटण दाबतो, मिनिटभर थांबतो, जिना उतरून जातो आणि त्यानंतर केव्हातरी फोनवर ‘दारात कोणीतरी आलं आहे’ अशी सूचना येते. मग बेल बनवणाऱ्या कंपनीला फोन होतो, इंटरनेटवाल्याला बोलावलं जातं, महागडा प्लॅन घेतला जातो. उशीर मात्र तसाच राहतो, कारण बऱ्याचदा तो बेलमध्येही नसतो आणि नेटमध्येही. तो आपल्या हातातल्या फोनमध्ये असतो.

बटण दाबल्यावर काय होतं ते आधी पाहू. बॅटरीवर चालणारी बेल एरवी झोपलेली असते. तिचा कॅमेरा बंद असतो, वायफायचा भागही जेमतेम जागा असतो, म्हणून तर एका चार्जिंगमध्ये ती कित्येक आठवडे चालते. बटण दाबलं की ती जागी होते, राउटरमार्फत कंपनीच्या सर्व्हरला निरोप देते. हा सर्व्हर आपल्या फोनशी थेट बोलत नाही. अँड्रॉइड फोन असेल तर तो निरोप गूगलच्या एफसीएम या सेवेकडे सोपवतो, आयफोन असेल तर ॲपलच्या सेवेकडे. तिथून निरोप फोनपर्यंत येतो आणि मग फोन वाजतो. सगळं नीट असेल तर एवढ्या प्रवासाला काही सेकंदच लागतात. उशीर नेमका कोणत्या टप्प्यावर झाला हे न शोधता सेटिंग बदलत बसलं, तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

शोधायची रीत सोपी आहे. आमच्या शेजारच्या काकूंचं उदाहरण सांगतो. काका-काकू दोघंच राहतात. बेल सेफ्टी डोअरच्या बाहेर आणि राउटर हॉलमध्ये टीव्हीपाशी. काकूंचा फोन दुपारभर जेवणाच्या टेबलावर पडलेला असतो. त्या म्हणाल्या, “अरे, मी फोन हातात घेतला की लगेच ती सूचना येते. जणू माझीच वाट बघत बसलेली असते.” या एका वाक्यात अर्धं निदान झालं होतं. बेलच्या ॲपमधली घटनांची यादी उघडली. तिथे बटण दाबल्याची वेळ 11:42 होती. काकूंनी फोन उचलला तेव्हा बाराला दोन मिनिटं कमी होती, आणि सूचना तेव्हाच वाजली. व्हिडिओत गॅसवाला समोरून स्पष्ट दिसत होता, म्हणजे बेल वेळेवर जागी झाली होती. घटनेची वेळ बरोबर होती, म्हणजे निरोप कंपनीपर्यंत वेळेत पोचला होता. शिवाय काकांच्या फोनवर, जो तेव्हा चार्जिंगला लावलेला होता, तीच सूचना वेळेवर आली होती. उरला काकूंचा फोन.

टेबलावर पडलेल्या फोनचं काय होतं? अँड्रॉइडच्या 6.0 आवृत्तीत, 2015 साली, गूगलने डोझ नावाची सोय आणली. फोन चार्जिंगला नाही, स्क्रीन बंद आहे आणि तो बराच वेळ जागचा हललेला नाही, असं दिसलं की तो गाढ झोपेत जातो. मग ॲपना इंटरनेट मिळत नाही. अधूनमधून फोन थोडा वेळ जागा होतो, साचलेली कामं उरकतो आणि पुन्हा झोपतो, आणि ही जाग येण्यामधलं अंतर वाढत जातं. त्यामुळे खिशात हलत राहणाऱ्या फोनपेक्षा टेबलावर स्वस्थ पडलेल्या फोनवर सूचना जास्त उशिरा येते. काकांचा फोन चार्जिंगला होता, म्हणून तो डोझमध्ये गेलाच नव्हता.

तातडीच्या निरोपासाठी मात्र डोझमध्येही वाट ठेवलेली आहे. एफसीएमकडे निरोप देताना कंपनी त्याला साधं किंवा उच्च प्राधान्य देऊ शकते. हे सोसायटीच्या वॉचमनसारखं आहे: साधं टपाल तो गेटवर साठवून ठेवतो, पण कोणी तातडीचं म्हणालं तर लगेच वर कळवतो. बेलचं बटण दाबल्याचा निरोप उच्च प्राधान्याचाच असायला हवा आणि चांगल्या कंपन्या तसं करतातही. पण गूगल या प्राधान्याचा वापर कसा होतो यावर लक्ष ठेवतं. तातडीचे म्हणून निरोप येत राहिले आणि त्यातून फोनवर दिसणारी सूचनाच निघाली नाही, तर त्या फोनवरच्या त्या ॲपचे निरोप पुढे साध्या रांगेत टाकले जाऊ शकतात. जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची सूचना येते म्हणून वैतागून अनेकजण फोनच्या सेटिंगमधून हालचालीच्या सूचना बंद करतात. निरोप मात्र येतच राहतात, फक्त दिसत नाहीत. म्हणून हालचालीच्या सूचना नको असतील तर त्या बेलच्या ॲपमधूनच बंद कराव्यात, म्हणजे निरोप निघणारच नाही. किंवा कॅमेऱ्याचं क्षेत्र आपल्या दारापुरतं आखून घ्यावं.

आता फोन बनवणाऱ्या कंपन्यांची करामत. बॅटरी जास्त टिकते हे दाखवण्यासाठी अनेक कंपन्या गूगलच्या नियमांवर स्वतःची कडक शिस्त लादतात. बरेच दिवस न उघडलेलं ॲप त्या गाढ झोपेत टाकतात. बेलचं ॲप आपण रोज थोडंच उघडतो! त्यामुळे ते या कचाट्यात नेमकं सापडतं. काही फोनवर तर अलीकडची ॲप एका झटक्यात साफ केली किंवा क्लीनर चालवला की ॲप जबरदस्तीने बंद होतं. असं बंद झालेलं ॲप पुन्हा उघडेपर्यंत त्याला एफसीएमचा कोणताच निरोप मिळत नाही, तातडीचाही नाही. ‘उशिरा येते’ आणि ‘अजिबात येत नाही’ यातला फरक बहुधा इथे असतो.

काकूंच्या फोनमध्ये बेलचं ॲप `Optimized` वर होतं. सेटिंगमध्ये `Apps` मध्ये जाऊन ते ॲप निवडलं, त्यातल्या `Battery` खाली `Unrestricted` केलं. सॅमसंगच्या फोनवर याखेरीज `Background usage limits` मध्ये जाऊन ॲप `Deep sleeping apps` च्या यादीत गेलं आहे का ते पाहावं आणि कधीच न झोपणाऱ्या ॲपच्या यादीत टाकावं. शाओमीच्या फोनवर `Autostart` चालू करून बॅटरीच्या पर्यायात `No restrictions` निवडावं लागतं. ओप्पो, विवो, रिअलमीमध्येही अशीच सोय वेगळ्या नावांनी असते. आवृत्तीगणिक नावं बदलतात, पण दोन गोष्टी शोधायच्या: ॲपला मागे चालू राहायची मुभा आणि आपोआप सुरू व्हायची मुभा. एका ॲपला एवढी सवलत दिल्याने बॅटरीवर फारसा ताण पडत नाही. ती पन्नास ॲपना दिली तर मात्र पडेल.

वायफायच्या बचतीवर बराच दोष ढकलला जातो, म्हणून तिचा हिशेब करू. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटा इशारा सोडतो. झोपलेलं उपकरण तेवढ्यापुरतं जागं होऊन ‘माझ्यासाठी काही आहे का’ ते पाहतं. काही असेल तर राउटरने ते राखून ठेवलेलं असतं. काही उपकरणं दर इशाऱ्याला जागी होत नाहीत, दोन-तीन सोडून एकदा होतात. तरी उशीर भरतो तो सेकंदाच्या काही दशांशांचा. सोळा मिनिटांचा उशीर यातून निघत नाही.

वायफाय मोठा उशीर घडवतं ते दोन वेगळ्या वाटांनी. पहिली वाट बेलकडची. लोखंडी सेफ्टी डोअर आणि दोन भिंतींपलीकडे सिग्नल क्षीण झाला की बेलचा संपर्क तुटतो आणि प्रत्येक वेळी तो नव्याने जोडावा लागतो. याची खूण म्हणजे व्हिडिओ सुरू होतो तेव्हा माणसाची पाठ दिसते. बहुतेक बेलच्या ॲपमध्ये सिग्नलचा आकडा मिळतो. तो उणे 60 च्या आसपास असेल तर ठीक, उणे 75 च्या खाली गेला तर राउटर दाराजवळ आणायला हवा. बहुतेक बेल 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे 5 गिगाहर्ट्झचा वेगवान राउटर घेऊन इथे फरक पडत नाही.

दुसरी वाट फोनकडची आणि ही फारशी कोणाला माहीत नसते. फोन गूगलच्या सेवेशी एकच जोडणी सतत धरून ठेवतो आणि ती जिवंत आहे ना, हे बऱ्याच मिनिटांनी एकदा तपासतो. अशी शांत जोडणी नेटवर्कने किमान 30 मिनिटं तरी लक्षात ठेवावी, असं गूगलने सांगितलेलं आहे. काही राउटर ती त्याआधीच विसरतात. फोनला वाटतं जोडणी आहे, प्रत्यक्षात ती तुटलेली असते आणि पुढच्या तपासणीपर्यंत निरोप अडकून राहतो. ओळखायचं कसं? घरच्या वायफायवर सूचना उशिरा येते आणि वायफाय बंद करून मोबाइल डेटावर ती लगेच येते, असं झालं तर संशय राउटरवर घ्यावा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये `*#*#426#*#*` टाइप केलं की या जोडणीची स्थिती दाखवणारा पडदाही उघडतो. राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करून पाहावं. नाही जमलं तर इंटरनेटवाल्याकडून राउटर बदलून घ्यावा.

आयफोनवर ॲप मारलं जाण्याचा त्रास कमी. तिथे सूचना अडते ती बहुधा `Focus` मुळे किंवा `Scheduled Summary` मुळे, जी सूचना साठवून ठरलेल्या वेळी एकदम दाखवते. बेलचं ॲप त्यातून वगळलं की काम होतं.

सेटिंग बदलल्यावर लगेच बटण दाबून पाहू नका. फोन नुकताच हाताळलेला असतो, टक्क जागा असतो, तेव्हा सूचना वेळेवर येणारच आणि आपली फसगत होते. चार्जर काढून, स्क्रीन बंद करून फोन तासाभरासाठी टेबलावर ठेवा. या काळात बेलचं ॲप उघडू नका. मग घरातल्या कोणाला तरी बाहेर पाठवून बटण दाबायला सांगा आणि घड्याळावर सेकंद मोजा. काकूंकडे अशी परीक्षा घेतली तेव्हा सूचना पाचेक सेकंदांत आली. हे पाच सेकंद बेल जागी होण्याचे आणि निरोपाच्या प्रवासाचे आहेत, ते फोनच्या सेटिंगने कमी होत नाहीत. फोनची नवी आवृत्ती आल्यावर काही वेळा या सवलती पुसल्या जातात, त्यामुळे मोठ्या अपडेटनंतर ही परीक्षा पुन्हा घ्यावी.

एवढं करूनही घरात असलेल्या माणसाला दारावरची बेल ऐकू यावी म्हणून फोनवर अवलंबून राहणं मला पटत नाही. तो निरोप बाहेरच्या सर्व्हरला वळसा घालून येतो आणि नेट गेलं की येतच नाही. बहुतेक कंपन्या प्लगमध्ये लावायचं छोटं घंटीचं यंत्र वेगळं विकतात, ते फोन झोपलेला असला तरी वाजतं. काकूंनी ते स्वयंपाकघरातल्या सॉकेटला लावलंय, मिक्सरच्या शेजारी. फोनवरची सूचना आता त्या घराबाहेर असतानाच पाहतात.